एकेचाळीसपैकी चौदा : फेरफार नोंदींच्या एका दिवसाच्या तपासणीचा अहवाल

मी मंडळ अधिकारी असताना माझ्याकडे असलेल्या एका साजातील हे प्रकरण आहे. ई-फेरफार प्रणाली तालुक्यात रुळल्यानंतरचा हा काळ. साजात चार गावे होती आणि प्रलंबित फेरफार नोंदी तपासून प्रमाणित करण्यासाठी मी एक पूर्ण दिवस ठेवला होता. दिवस संपला तेव्हा काम अर्धवट झाले होते. ते अर्धवट काम कागदावर कसे मांडायचे यावर त्या संध्याकाळी चावडीत तास-दीड तास चर्चा झाली. तिच्यातून जो अहवाल तयार झाला त्यातील प्रत्येक आकडा कोठून आला आणि तो तसाच का ठेवला, हे सविस्तर लिहावे असे मला वाटते. अशा अहवालांतील एका चुकीच्या शब्दामुळे शेतकऱ्याचा पीककर्जाचा हंगाम जातो, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रथम प्रक्रियेविषयी थोडे. जमिनीची खरेदी, वारस, वाटणी, कर्जाचा बोजा चढवणे किंवा उतरवणे यांपैकी काहीही घडले की तलाठी त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत घेतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते आणि हितसंबंध असलेल्या सर्वांना लेखी कळवायचे असते. ही कळवणी नमुना ९ च्या नोटिशीने होते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली जाते. लेखी हरकत आली तर प्रकरण गाव नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद तपासतो आणि योग्य आढळल्यास प्रमाणित करतो. संबंधितांवर नोटीस बजावल्याशिवाय नोंद प्रमाणित करता येत नाही, आणि प्रमाणित झाल्याशिवाय ती अधिकार अभिलेखात, म्हणजे लोकांच्या भाषेत सातबाऱ्यावर, येत नाही. ही दोन्ही बंधने त्याच कलमात आहेत. म्हणून फेरफाराच्या बाबतीत ‘अर्ज दिला’, ‘नोंद धरली’, ‘नोंद तपासली’ आणि ‘नोंद प्रमाणित झाली’ या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याच्या उपयोगाची त्यांतील फक्त शेवटची.

दिवसभरात काय घडले

सकाळी साडेनऊ वाजता तलाठी मॅडमनी प्रणालीतून प्रलंबित नोंदींची यादी काढली. तिच्यात ४१ नोंदी होत्या. यादीवर मी वेळ लिहून घेतली आणि दोघांनी सह्या केल्या. ही सवय मला एका जुन्या अव्वल कारकुनांनी लावली होती. दिवसभरात नव्या नोंदी धरल्या जातात, यादी बदलत राहते आणि संध्याकाळी कशातून काय वजा करायचे हेच कळेनासे होते, हा त्यांचा अनुभव होता.

यादी हातात आल्यावर नोटिशींचे गठ्ठे जुळवले. ४१ पैकी सहा नोंदींची पंधरा दिवसांची मुदतच संपलेली नव्हती. आणखी तीन नोंदींमध्ये मुदत संपली होती, पण नोटीस बजावल्याच्या पोचा पूर्ण नव्हत्या. त्यांपैकी एका खातेदाराचा पत्ता पुण्याचा होता आणि पाकीट परत आले होते, तर दुसऱ्या दोन पोचांवर तारीखच नव्हती. कोतवालांनी नोटीस दिल्याचे तोंडी सांगितले. त्यांच्या शब्दावर मला शंका नव्हती, परंतु नोटीस नेमकी कोणत्या दिवशी दिली हे कागदावर नसेल तर पंधरा दिवस कोठून मोजायचे हा प्रश्न राहतोच. अशा रीतीने नऊ नोंदी त्या दिवशी हातात घेण्याजोग्याच नव्हत्या आणि तपासणीयोग्य नोंदी ३२ राहिल्या.

गावकऱ्यांना गावागावाप्रमाणे वेळा कळवलेल्या असल्याने मी पहिल्या गावापासून सुरुवात केली. प्रत्येक नोंदीत दस्त, चालू सातबारा, नोटिशीची पोच आणि क्षेत्राची बेरीज एवढे तरी पाहावे लागते. खरेदीखताची साधी नोंद दहा-बारा मिनिटांत होते, वारसाच्या नोंदीला मात्र अर्धा तासही लागतो. दुपारी दोन चाळीसच्या सुमारास तिसऱ्या गावाच्या मध्यावर असताना सर्व्हर बंद पडला. त्या क्षणी मी एक नोंद प्रमाणित करण्यासाठी बटण दाबले होते आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. नोंद प्रमाणित झाली की नाही, हे सांगता येत नव्हते. मॅडमनी ती आपल्या कच्च्या टिपणात ‘मंजूर’ म्हणून लिहिली. मी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि प्रणाली सुरू झाल्यावर स्थिती स्वतः पाहून मगच मोजायची असे ठरवले. प्रणाली चार पन्नासला सुरू झाली. ती नोंद खरोखरच प्रमाणित झालेली दिसली. तसे दिसले नसते तर ती न तपासलेल्या नोंदींत परत गेली असती. बटण दाबण्याचे काम आपले असले, तरी नोंद पूर्ण झाल्याचा पुरावा प्रणालीत दिसणारी स्थिती हाच असतो.

त्यानंतर सहा वाजेपर्यंत आणखी काही नोंदी पाहता आल्या आणि काम थांबले. दिवसअखेर मोजणी केली तेव्हा २१ नोंदी उघडून तपासल्या गेल्या होत्या. त्यांतील १४ प्रमाणित झाल्या. एक नोंद दुबार आढळली, कारण त्याच दस्तावरून आधीच एक फेरफार झालेला होता, म्हणून ती कारण लिहून नामंजूर केली. दोन नोंदींवर लेखी हरकती आल्याने ती प्रकरणे ६-अ मध्ये घेतली. उरलेल्या चार नोंदी तपासल्या गेल्या, परंतु त्रुटींमुळे निर्णय देता आला नाही. अकरा तपासणीयोग्य नोंदी उघडल्यासुद्धा गेल्या नाहीत. त्यांपैकी चार तिसऱ्या गावाच्या होत्या आणि सात चौथ्या गावाच्या, म्हणजे चौथ्या गावातील तपासणीयोग्य नोंदींपैकी एकही पाहिली गेली नव्हती.

पहिला मसुदा

तलाठी मॅडमनी त्यांच्या नेहमीच्या नमुन्याप्रमाणे तहसील कार्यालयाला पाठवायचा अहवाल लिहिला : ‘आज रोजी साजातील प्रलंबित ४१ फेरफार नोंदींची तपासणी करण्यात आली. त्यापैकी १७ नोंदी निर्गत करण्यात आल्या असून उर्वरित नोंदींवर कार्यवाही सुरू आहे.’ खाली एक ओळ होती : ‘तपासलेल्या नोंदींपैकी ८१ टक्के निर्गत.’

त्यांनी लबाडी केली होती असे मी मुळीच म्हणणार नाही. वर्षानुवर्षे असेच अहवाल जात आले होते आणि प्रत्येक वाक्याला कोठेतरी आधार होता. म्हणूनच तो मसुदा मला अधिक काळजीचा वाटला. उघड खोटे कोणीतरी पकडते, पण ज्यातील प्रत्येक शब्दाचे समर्थन करता येते असा अहवाल वाचणाऱ्याला चुकीच्या जागी नेऊन सोडतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

‘४१ नोंदींची तपासणी करण्यात आली’ हे पहिलेच वाक्य बरोबर नव्हते. तपासणीसाठी यादी ४१ नोंदींची घेतली होती, तपासल्या गेल्या २१. हे वाक्य तसेच गेले असते तर उरलेल्या वीस नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांत काहीतरी उणीव निघाली, असाच अर्थ वाचणाऱ्याने काढला असता. चौथ्या गावातील सात खातेदारांच्या कागदांत दोष आहे असे न लिहिताही आपण सांगितले असते, जेव्हा प्रत्यक्षात त्यांचे कागद कोणी उघडलेही नव्हते.

‘१७ निर्गत’ मध्ये १४ प्रमाणित, एक नामंजूर आणि दोन विवादग्रस्त एकत्र केल्या होत्या. विवादग्रस्त नोंद अविवादित नोंदींच्या यादीतून बाहेर पडते हे खरे, पण तिचे काम तेथून सुरू होते. दोन्ही बाजूंना नोटिसा काढायच्या, सुनावणी घ्यायची, कागदपत्रे मागवायची आणि कारणांसह निर्णय द्यायचा. एका नोंदवहीतून दुसरीत गेलेले प्रकरण निर्गत धरले, तर जितक्या हरकती जास्त तितके काम चांगले झाले असा विचित्र निष्कर्ष निघतो.

आता ८१ टक्क्यांचे पाहू. २१ पैकी १७ म्हणजे ८१ टक्के, यात गणिताची चूक नाही. तपासणीयोग्य ३२ नोंदी पायाला घेतल्या तर तेच १७ हे ५३ टक्के होतात आणि सकाळच्या पूर्ण यादीवर मोजले तर ४१ टक्के. ज्यांच्या सातबाऱ्यावर खरोखर बदल होणार होता अशा नोंदी मात्र ४१ पैकी १४, म्हणजे ३४ टक्केच होत्या. एकाच दिवसाचे हे चार आकडे आहेत आणि चारही खरे आहेत. पाया न सांगता टक्केवारी दिली की लिहिणारा त्यांतील आपल्या सोयीचा निवडू शकतो, आणि सवयीने निवडतोच. त्यामुळे त्या अहवालात मी टक्केवारी ठेवलीच नाही. एकेचाळीस नोंदींसाठी टक्क्यांची गरजही नसते, नोंदी मोजून दाखवता येतात.

राहिला ‘कार्यवाही सुरू आहे’ हा शब्दप्रयोग. तो मला सर्वांत अधिक खटकला. ज्या नोंदीची मुदत अजून चालू आहे, जिची पोच नाही, जिच्यात क्षेत्राचा फरक आहे आणि जी वेळेअभावी उघडलीच नाही, या चारही नोंदींना तो सारखाच लागू पडतो. पहिलीसाठी फक्त थांबायचे असते, दुसरीसाठी कोतवालांना पुन्हा पाठवायचे असते, तिसरीसाठी खातेदाराने कागद आणायचा असतो आणि चौथीसाठी मी स्वतः पुन्हा यायचे असते. उशीर कोणाच्या हातात आहे हेच त्या तीन शब्दांत नाहीसे होते. चौथ्या प्रकारात तर तो उशीर माझ्याकडचा होता.

त्रुटीच्या चार नोंदी

संध्याकाळी एक सूचना पुढे आली आणि ती अशा वेळी नेहमीच पुढे येते. त्रुटी असलेल्या चार नोंदी नामंजूर करून टाकाव्यात, म्हणजे त्या निर्गत होतील, प्रलंबितांचा आकडा खाली येईल आणि खातेदार कागद पूर्ण करून पुन्हा अर्ज करतील, अशी ती सूचना होती. ऐकायला ती व्यवहार्य वाटते. त्या चार नोंदी काय होत्या ते पाहिल्यावर मात्र तिचे खरे स्वरूप कळते.

पहिली वारसाची होती. मयत खातेदाराच्या वारसांमध्ये दोन मुलांची नावे दिली होती, पण सोबतच्या शिधापत्रिकेच्या प्रतीवर एका मुलीचेही नाव होते. तिचे लग्न झालेले असल्याने तिचे नाव द्यायचे नसते, असा घरातल्यांचा समज होता. तिचा हक्क लग्नाने जात नाही, हे सांगून सुधारित स्वयंघोषणापत्र मागायचे होते. दुसऱ्या नोंदीत खरेदीखतात ४० आर क्षेत्र लिहिले होते आणि विकणाऱ्याच्या नावे सातबाऱ्यावर ३८ आरच होते. तिसरी बोजा कमी करण्याची होती, तीत बँकेच्या दाखल्यावरील गट क्रमांक चुकला होता. चौथी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून धरलेली होती आणि सोबत हुकूमनाम्याची साधी छायाप्रत होती, प्रमाणित नक्कल नव्हती.

बँकेचा दाखला आठ दिवसांत दुरुस्त होऊन येणार होता. तो आल्यावर प्रमाणित होऊ शकणारी नोंद आज नामंजूर केली असती, तर शेतकऱ्याला एक तर नव्याने नोंद धरून पुन्हा पंधरा दिवसांची नोटीस सोसावी लागली असती, किंवा त्या आदेशाविरुद्ध संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागले असते, आणि तेही साठ दिवसांच्या मुदतीत. एका चुकलेल्या गट क्रमांकासाठी हा व्याप. आणि अहवालात मात्र हे सारे ‘निर्गत’ या स्तंभात एका अंकाने वाढ म्हणून दिसले असते. दुबार नोंद नामंजूर करणे वेगळे, कारण तिथे खातेदाराचे काम आधीच झालेले होते आणि उरलेली नोंद चुकीचीच होती. नामंजुरी हा निर्णय आहे, तो नोंदीच्या गुणावगुणांवर द्यायचा असतो. आकडा उतरवण्यासाठी तो वापरला जात असेल तर ते ओळखण्याची एक सोपी खूण आहे : महिनाअखेरीच्या आठवड्यात नामंजुरी एकदम वाढतात आणि पुढच्या महिन्यात त्याच गटांवर त्याच नावांच्या नव्या नोंदी धरलेल्या दिसतात.

चारही नोंदी आम्ही त्रुटीत ठेवल्या. प्रत्येकीसमोर कोणता कागद हवा आणि तो कोणी आणायचा हे लिहिले, आणि त्या संध्याकाळी जे खातेदार चावडीत होते त्यांना ते लेखी दिले.

जो अहवाल गेला

शेवटी जो मजकूर तहसील कार्यालयाकडे गेला तो असा होता :

‘आज सकाळी ९.३० वाजता काढलेल्या यादीनुसार साजात ४१ फेरफार नोंदी प्रलंबित होत्या. त्यापैकी ९ नोंदी आज तपासणीस पात्र नव्हत्या (६ नोंदींची नोटिशीची मुदत अपूर्ण, ३ नोंदींमध्ये नोटीस बजावल्याची पोच अपूर्ण). तपासणीस पात्र ३२ नोंदींपैकी २१ नोंदी तपासल्या. त्यातील १४ प्रमाणित केल्या, १ दुबार असल्याने नामंजूर केली, २ हरकतीमुळे विवादग्रस्त नोंदवहीत घेतल्या आणि ४ त्रुटीपूर्ततेसाठी ठेवल्या. ११ नोंदी आज तपासता आल्या नाहीत. दुपारी २.४० ते ४.५० प्रणाली बंद होती. या ११ पैकी ७ नोंदी चौथ्या गावाच्या असून त्या गावातील एकही नोंद आज तपासलेली नाही. न तपासलेल्या नोंदींपैकी सर्वांत जुनी ७३ दिवसांपूर्वीची आहे. या ११ नोंदी पुढील गुरुवारी प्रथम घेण्यात येतील. दिवसभरात ३ नवीन नोंदी धरण्यात आल्या, त्या वरील आकड्यांत नाहीत.’

यातील गावाचे नाव प्रत्यक्ष अहवालात होते, येथे ते देत नाही.

या मजकुरातील दोन वाक्यांवर मॅडमनी आक्षेप घेतला होता. ‘एकही नोंद तपासलेली नाही’ हे लिहून आपण आपल्याविरुद्धच पुरावा देत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची भीती निराधार नव्हती. परंतु साजाचा एकत्रित आकडा पाहून चौथ्या गावातही थोडेफार काम झाले असेल असे कोणीही धरून चालले असते, आणि तसे धरून तहसीलदारांनी त्या गावच्या कोणाला काही सांगितले असते तर ते चुकीचे ठरले असते. एकूण आकडा जेव्हा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, तेव्हा तो कोठे शून्य आहे हे वेगळे लिहावेच लागते.

दुसरा आक्षेप ७३ दिवसांच्या वाक्यावर होता. माझ्या मते अहवालातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच होते. प्रलंबित नोंदींची संख्या सोप्या नोंदी आधी उरकून कमी करता येते, आणि तसे करणाऱ्याला स्वतःलाही ते जाणवत नाही. सर्वांत जुन्या नोंदीचे वय मात्र तसे कमी होत नाही. ते कमी व्हायला तीच नोंद हातात घ्यावी लागते. दोन लागोपाठच्या अहवालांत प्रलंबित संख्या घटली आणि सर्वांत जुनी नोंद तीच राहिली, तर अवघड नोंदी बाजूला पडत आहेत हे समजावे. त्या दिवशी माझ्याकडून नेमके तेच झाले होते. गावांच्या क्रमाने गेल्यामुळे सर्वांत जुनी नोंद सर्वांत शेवटी आली आणि राहून गेली. नोंदींच्या वयाप्रमाणे क्रम लावला असता तर ती पहिल्या तासात झाली असती. लोकांना वेळा गावाप्रमाणे दिल्या होत्या, हे कारण आहे, पण त्या नोंदीच्या खातेदार बाईंना त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या खातेदार बाई

त्या साठीच्या पुढच्या होत्या. नवरा गेल्यावर वारसाची नोंद धरली होती आणि विविध कार्यकारी सोसायटीतून पीककर्ज मिळण्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागणे आवश्यक होते. दिवस मे महिन्याचे होते. संध्याकाळी सव्वासहाला त्या चावडीच्या पायरीवर बसलेल्या होत्या. त्यांनी विचारले, “साहेब, आमचं झालं का?”

याआधीच्या एका भेटीत अशाच प्रश्नाला मी दुसऱ्या एका शेतकऱ्याला ‘तुमच्या गावाचं काम झालं’ असे उत्तर दिले होते. गावातील बहुतेक नोंदी झाल्या होत्या हे खरे होते, त्याची झाली नव्हती. तो दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने सोसायटीत गेला आणि जुन्याच नावाचा उतारा घेऊन परत आला. त्याचा तो दिवस आणि ते भाडे माझ्या एका सैल वाक्यामुळे गेले. ते मला आजही आठवते.

म्हणून त्या बाईंना मी सांगितले, “आजी, तुमची नोंद आज उघडलीच नाही. तुमच्या कागदात काही चूक आहे म्हणून नाही, आमच्याकडून राहिली म्हणून. पुढच्या गुरुवारी पहिली तुमचीच घेतो. पण उघडल्यावर काय निघेल ते आज सांगता येणार नाही.” त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग सोसायटीत जाऊ नको ना तोवर?” मी म्हणालो, “जाऊ नका.” अर्धवट कामाचा अहवाल वरिष्ठांकडे जातो तेव्हा तो आढाव्याचा विषय असतो. खातेदाराला मात्र त्यातून एवढेच कळायला हवे असते की उद्या घरून निघायचे की नाही.

त्या रात्री चावडीच्या फलकावर आम्ही ४१ नोंदींची यादी लावली. प्रत्येक नोंद क्रमांकासमोर ‘प्रमाणित’, ‘नामंजूर’, ‘हरकत’, ‘त्रुटी’, ‘मुदत बाकी’, ‘पोच बाकी’ किंवा ‘तपासली नाही’ यांपैकी एकच शब्द होता. ‘प्रलंबित’ हा शब्द त्या यादीत मुद्दाम कोठेही वापरला नाही.

तहसील कार्यालयात

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तहसील कार्यालयातून फोन आला. प्रणालीत माझ्या साजाच्या अविवादित प्रलंबित नोंदी २७ दिसत होत्या आणि माझ्या अहवालावरून हिशोब २४ चा येत होता. ४१ मधून १४ प्रमाणित, एक नामंजूर आणि दोन विवादग्रस्त वजा केल्या की २४ उरतात. अहवालातही अपात्र ९, न तपासलेल्या ११ आणि त्रुटीच्या ४ मिळून २४ च होतात. दिवसभरात धरलेल्या ३ नवीन नोंदी मिळवल्या की २७. शेवटचे वाक्य वाचून दाखवल्यावर प्रश्न तेथेच मिटला. ते वाक्य नसते तर तीन नोंदी लपवल्याचा संशय आला असता आणि त्याहून वाईट म्हणजे आदल्या दिवशी सकाळी यादी किती वाजता काढली होती हे कोणालाही सांगता आले नसते.

अडचण आली ती तालुक्याच्या एकत्रित तक्त्याची. त्या तक्त्याला चारच स्तंभ होते : आरंभीची शिल्लक, नवीन, निर्गत आणि अखेरची शिल्लक. एवढ्या अरुंद तक्त्यात माझा अहवाल मावत नव्हता आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीत तोच तक्ता समोर असणार होता. तेथील अव्वल कारकुनांनी विचारले की निर्गतमध्ये किती लिहू. मी १५ सांगितले. प्रमाणित आणि नामंजूर या दोन्हींत निर्णय झालेला असल्याने त्या तेथे बसतात. हरकतीच्या दोन नोंदी निर्गतमध्ये न घालता अखेरच्या शिल्लकेत ठेवल्या आणि शेऱ्यात लिहिले : ‘१५ पैकी १ नामंजूर, अखेरच्या शिल्लकेत २ विवादग्रस्त, ११ वेळेअभावी न तपासलेल्या.’ म्हणजे ४१ अधिक ३ वजा १५, अखेरची शिल्लक २९, आणि ती २७ व २ अशी प्रणालीशी तंतोतंत जुळत होती. तक्त्याचा नमुना बदलणे माझ्या अधिकारात नव्हते. शेऱ्याचा स्तंभ मात्र रिकामा होता.

तहसीलदार साहेब नाराज झाले, हे लिहिले पाहिजे. शेजारच्या मंडळातून ७० टक्क्यांहून अधिक निर्गत आल्याचे त्यांनी दाखवले. मी त्यांना एवढेच विचारले की त्यात विवादग्रस्त धरल्या आहेत का आणि मुदत अपूर्ण असलेल्या पायातून वगळल्या आहेत का. हे त्या कागदावरून कळण्याचा मार्गच नव्हता. साहेबांनी तो मुद्दा पुढे नेला नाही, पण पुढील महिन्यापासून सर्व मंडळांकडून ‘न तपासलेल्या’ आणि ‘सर्वांत जुनी नोंद’ या दोन बाबी शेऱ्यात मागवल्या जाऊ लागल्या. त्याने तालुक्यातील काम वेगाने होऊ लागले असा माझा दावा नाही. कोठे पुन्हा जायला हवे हे तरी दिसू लागले.

पुढचा गुरुवार

पुढील भेटीत नोंदी वयाप्रमाणे घेतल्या. राहिलेल्या अकराही नोंदी दुपारपर्यंत उघडल्या गेल्या आणि त्यांतील नऊ प्रमाणित झाल्या. आजींची नोंद पहिली घेतली. तिच्यात मृत्यू दाखल्यावरील नाव आणि सातबाऱ्यावरील नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक निघाला. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याबद्दल त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र आणि पोलीस पाटलांचा दाखला मागवला आणि त्या दिवशी ती नोंद प्रमाणित झाली नाही. अहवालात ती ‘न तपासलेली’ मधून ‘त्रुटी’ मध्ये गेली. त्यानंतर पाच दिवसांनी कागद आल्यावर, मंडळ कार्यालयातूनच, ती प्रमाणित केली. त्या दिवशी नोंद ८५ दिवसांची झाली होती.

पहिल्या चार त्रुटींपैकी बँकेच्या दाखल्याची, वारसाची आणि हुकूमनाम्याची अशा तीन नोंदी महिन्याभरात पूर्ण झाल्या. वारसाच्या नोंदीत मुलीचे नाव लागले. क्षेत्राच्या दोन आरचा फरक असलेली नोंद मात्र राहिली, कारण चूक दुरुस्ती दस्त करण्यासाठी विकणारा गावात नव्हता. माझी बदली होईपर्यंतच्या प्रत्येक अहवालात ती एक ओळ होती : नोंद क्रमांक, ‘दस्तातील क्षेत्र ४० आर, सातबाऱ्यावर ३८ आर, चूक दुरुस्ती दस्ताची प्रतीक्षा’, आणि पुढे त्या दिवसापर्यंतचे तिचे वय.